बी२७ दोघा भावांत, आजार एकालाच: असं का होतं?

प्रश्न: डॉक्टर, मी विट्याचा, वय ३१. दोन महिन्यांपूर्वी लक्षणं आणि एमआरआय बघून अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसचं, म्हणजे मणक्याच्या सांध्यांना सूज येऊन ते आखडत जाण्याच्या आजाराचं, निदान झालं, एचएलए-बी२७ हा जीनही पॉझिटिव्ह आला. थोरल्या भावानेही तपासून घेतलं. तोही पॉझिटिव्ह, पण चाळिशी गाठली तरी त्याची कधी साधी कंबर दुखली नाही. जीन एकच, मग एकाला आजार आणि दुसऱ्याला काहीच नाही, असं का? हा बी२७ शरीरात नेमकं करतो तरी काय? आणि माझ्या चार वर्षांच्या मुलाची टेस्ट आत्ताच करून घेऊ का?

उत्तर:

मुलाचं आधी सांगतो, कारण तुमच्या जिवाला तोच घोर लागला असणार. टेस्ट आत्ता करू नका.

तुमच्याकडे या जीनची बहुधा एकच प्रत आहे, म्हणजे ती मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी. समजा गेली. साधारण लोकसंख्येत बी२७ असलेल्या शंभर जणांत पाचांना, किंवा त्याहूनही कमी जणांना, हा आजार होतो. वडिलांना किंवा भावाला आजार असेल तर तो आकडा शंभरात दहा ते वीसपर्यंत चढतो. म्हणजे रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तरी शंभरातल्या ऐंशी ते नव्वद मुलांना आयुष्यात कधीच काही होणार नाही. ज्यांना होणार, त्यांना आधीपासून देऊन आजार टाळता येईल असं औषध आज कुणाकडे नाही. मग त्या कागदाचा उपयोग काय? पोराने खेळताना गुडघा आपटला तरी घरातल्यांचा जीव वरखाली होणार, एवढंच. मुलांमध्ये हा आजार सहसा सहा वर्षांनंतर दिसतो आणि बऱ्याचदा कंबरेपासून सुरू होत नाही. टाच दुखते, नाहीतर एखादा गुडघा किंवा घोटा सुजतो. तसं काही आठवडे टिकलं तर घेऊन या. तेव्हा टेस्टला अर्थ असेल.

टेस्टबद्दल आणखी एक गोष्ट. ती दोन पद्धतींनी होते. फ्लो सायटोमेट्रीत बी२७ ओळखणारी अँटीबॉडी वापरतात. ती अँटीबॉडी कधीकधी बी७ नावाच्या अगदी मिळत्याजुळत्या रेणूलाही चिकटते आणि पॉझिटिव्ह नसलेला माणूस पॉझिटिव्ह ठरतो. पीसीआरमध्ये थेट जीन तपासतात, तिथे ही गफलत होत नाही. तुमचं निदान लक्षणांवर आणि एमआरआयवर झालंय, त्यामुळे तुम्हाला फरक पडत नाही. पण भावाची टेस्ट फ्लोने झाली असेल आणि तो ‘मी पॉझिटिव्ह’ म्हणून काळजी करत असेल, तर त्या रिपोर्टवर पद्धत कोणती लिहिली आहे ते एकदा बघा.

आता मूळ प्रश्न. त्याचा माग १९७३ पासून काढावा लागतो. त्या वर्षी लंडनमध्ये ब्रूअरटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराच्या ७५ रुग्णांचं रक्त तपासलं, तर ७२ जणांत बी२७ सापडला. ७५ निरोगी माणसांत तो फक्त तिघांकडे होता. त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये श्लॉसस्टाइन, टेरासाकी यांच्या गटाला ४० पैकी ३५ रुग्णांत तो मिळाला. एखाद्या जीनचा आणि आजाराचा इतका घट्ट संबंध त्याआधी क्वचितच कुणी पाहिला होता. तेव्हा डीएनए वाचण्याची सोय नव्हती. अनेकदा बाळंत झालेल्या बायकांच्या रक्तात, पोटातल्या बाळाच्या वडिलांकडून आलेल्या एचएलएविरुद्ध, म्हणजे पेशींवरच्या बी२७सारख्या रेणूंविरुद्ध, अँटीबॉडी तयार झालेल्या असतात. तसा रक्तद्रव जमवून, त्यावर पांढऱ्या पेशी तपासून हे काम झालं.

पण नुसत्या संबंधावरून बी२७ला दोषी धरता येत नव्हतं. शंका अशी होती की खरा गुन्हेगार शेजारचा दुसराच जीन असेल आणि बी२७ नुसता त्याच्यासोबत वंशातून खाली येत असेल. एचएलएचे जीन सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांना लगटून बसलेले आहेत आणि बहुतेक वेळा अख्खा गठ्ठाच पुढच्या पिढीत जातो. ही शंका पोकळ नव्हती. शरीरात लोह साठत जाण्याचा हिमोक्रोमॅटोसिस नावाचा आजार आहे. १९७५ च्या सुमाराला त्याचा संबंध एचएलए-ए३शी दिसला. पुढे १९९६ मध्ये खरा जीन सापडला तेव्हा कळलं की ए३चा त्यात काही हात नाही, तो फक्त शेजारी होता.

बी२७च्या बाबतीत हा प्रश्न उंदराच्या जातीतल्या मोठ्या प्राण्याने, रॅटने सोडवला. १९९० मध्ये अमेरिकेत हॅमर, टॉरोग आणि सहकाऱ्यांनी माणसाचा बी२७ आणि त्याला लागणारा बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हा जोडीदार, असे दोन जीन रॅटमध्ये घातले. शेजारचं दुसरं काहीच घातलं नाही. तरी त्या रॅटना आतड्याची सूज आली, सांधे सुजले, त्वचेवर आणि नखांवर बदल दिसले. म्हणजे बी२७ स्वतःच कारणीभूत आहे. आणि त्यातली मला सगळ्यांत विचार करायला लावणारी गोष्ट अशी: तेच रॅट जन्मापासून पूर्ण जंतूविरहित वातावरणात वाढवले, तर त्यांच्या आतड्याला आणि सांध्यांना काहीच होत नाही. जीन तोच, प्राणी तोच, फक्त आतड्यात जंतू नाहीत. तुमच्या भावाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे, त्याकडे पुन्हा येतो.

हा रेणू करतो काय? सांगली-तासगावच्या बेदाणा सौद्यात बॉक्स उघडून नमुना समोर ठेवतात आणि व्यापारी त्या मूठभर बेदाण्यावरून आतल्या मालाची पारख करतो. आपली जवळजवळ प्रत्येक पेशी असंच करते. आत जी प्रथिनं बनतात त्यांचे बारीक तुकडे करून ती पृष्ठभागावर मांडते. या तुकड्यांना पेप्टाइड म्हणतात आणि एचएलए हा ते मांडण्याचा ट्रे. टी पेशी फिरत फिरत येते, ट्रेमधला तुकडा बघते, आपलाच असेल तर पुढे जाते, विषाणूचा असेल तर त्या पेशीला मारते.

ट्रे सगळ्यांचे सारखे नसतात. एचएलए-बीची हजारो रूपं माणसांत आहेत आणि प्रत्येकाच्या खोबणीचा आकार थोडा वेगळा असतो. बी२७च्या खोबणीत साधारण नऊ अमिनो आम्लांचा तुकडा बसतो. त्यातलं दुसऱ्या जागेवरचं अमिनो आम्ल जवळपास नेहमी आर्जिनिनच लागतं. कारण खोबणीच्या त्या कोपऱ्यात ऋण भार आहे आणि आर्जिनिनवर धन भार. किल्ली कुलपात बसावी तसं ते तिथे बसतं.

आता जरा जवळून बघू, कारण सगळं प्रकरण इथे आहे. बी२७ हा एक रेणू नाही, त्याचेही पोटप्रकार आहेत. बी*२७:०५ हा जगभर सगळ्यांत जास्त पसरलेला आणि आजाराशी पक्का जोडलेला. इटलीच्या सार्डिनिया बेटावर बी*२७:०९ नावाचा प्रकार सापडतो आणि तो असलेल्या लोकांत हा आजार क्वचितच दिसतो. या दोघांत फरक किती? अख्ख्या रेणूत एका अमिनो आम्लाचा. ११६ व्या जागेवर ०५मध्ये अ‍ॅस्पार्टेट आहे, ०९मध्ये हिस्टिडिन. ही जागा खोबणीच्या तळाशी आहे, जिथे पेप्टाइडचं शेवटचं टोक बसतं. आग्नेय आशियातही अशीच जोडी आहे. तिथे बी*२७:०४ने आजार होतो आणि बी*२७:०६ने सहसा होत नाही. ते एकमेकांपासून वेगळे आहेत ११४ आणि ११६ या दोनच जागी. जगाच्या दोन टोकांना, दोन वेगळ्या जोड्यांत, फरक त्याच ११६ पाशी येतो, हा मला योगायोग वाटत नाही. अर्थात २७:०९ दुर्मीळ आहे आणि तो असलेले थोडे रुग्ण सापडलेही आहेत, म्हणून त्याला पूर्ण निर्दोष म्हणता येत नाही. आपल्याकडे भारतात मुख्यतः ०५ आणि ०४ आढळतात, दोन्ही जोखमीचे. त्यामुळे रिपोर्टमध्ये पोटप्रकार नाही म्हणून वेगळी महागडी टेस्ट करायची गरज नाही.

इथून पुढे मतं फाटतात. पहिला सिद्धांत सरळ आहे: बी२७ एखादा असा पेप्टाइड मांडतो की जो जंतूच्या प्रथिनासारखा दिसतो. आतड्यातल्या जंतूविरुद्ध तयार झालेली टी पेशी मग मणक्याजवळच्या किंवा डोळ्यातल्या आपल्याच तुकड्याला जंतू समजते. ११६ व्या जागेचा पुरावा याच्या बाजूने बोलतो, कारण तिथला बदल म्हणजे कोणता तुकडा बसतो यातला बदल. जुलाबानंतर किंवा लघवीच्या मार्गातल्या संसर्गानंतर बी२७ असलेल्या लोकांचे सांधे सुजतात, हेही याच्याशी जुळतं. साल्मोनेला, शिगेला, येर्सिनिया, क्लॅमिडिया ही त्यातली नेहमीची नावं.

या सिद्धांताची अडचण रॅटनेच उभी केली. खोबणीतला तुकडा बघून हल्ला करणाऱ्या टी पेशींवर सीडी८ नावाची खूण असते. त्या पेशी नसलेले बी२७ रॅट तयार केले, तरी आजार झालाच. व्यापारीच सौद्याला आला नाही तर भांडण कोणी केलं, असा प्रश्न पडला.

म्हणून दुसरा सिद्धांत पुढे आला. तो म्हणतो की ट्रेमध्ये काय ठेवलंय ते सोडा, ट्रेच नीट घडत नाही. बी२७ची घडी पेशीच्या आत इतर एचएलएपेक्षा सावकाश बसते आणि बऱ्याचदा चुकते. ६७ व्या जागेवर त्याच्याकडे सिस्टीन आहे. त्यामुळे दोन अर्धवट घडलेले रेणू एकमेकांना चिकटून जोडी बनवतात. अशा चुकलेल्या घड्या आत साठल्या की पेशीवर ताण येतो आणि तो ताण इंटरल्यूकिन-२३ सारखी दाहाची रसायनं वाढवतो. चिकटलेल्या जोड्या पेशीच्या बाहेरही येतात आणि टी पेशींवरच्या केआयआर३डीएल२ नावाच्या वेगळ्याच रिसेप्टरला धरतात, असंही दिसलं आहे.

हा सिद्धांत मला बरीच वर्षं पटत होता. पण २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बी२७ रॅटना बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन जास्तीचं दिलं, म्हणजे घडी सुधारावी. घडी सुधारली आणि आतड्याची सूजही गेली. पण मणक्याचा आणि सांध्यांचा आजार उलट वाढला. घडी चुकणं हेच मूळ असतं तर असं व्हायला नको होतं. शिवाय माणसांच्या ऊतींत तो ताण सगळीकडे, भरवशाने सापडत नाही. म्हणून माझं मत असं झालंय की चुकलेली घडी आतड्यात भर घालत असेल, पण मणक्याचं पूर्ण उत्तर त्यात नाही.

तराजू पुन्हा पेप्टाइडच्या बाजूला झुकवला तो ईआरएपी१ या जीनने. त्यापासून बनणारा एंझाइम पेशीच्या आत बसून लांब पेप्टाइडची टोकं छाटतो, ट्रेमध्ये मावेल एवढा तुकडा करतो. द्राक्षाची काडी किती डोळ्यांवर छाटायची यावर घड ठरतो, तसं इथे छाटणीवर मांडला जाणारा तुकडा ठरतो. २००७ मध्ये या जीनचा आजाराशी संबंध दिसला. २०११ मध्ये त्याहून महत्त्वाचं कळलं: ईआरएपी१च्या काही रूपांनी धोका कमी-जास्त होतो, पण तो फक्त बी२७ असलेल्या लोकांतच. बी२७ नसेल तर तो संबंध दिसत नाही. सावकाश छाटणारी रूपं संरक्षण देतात. दोन जीन एकाच कामाच्या साखळीत बसलेले, आणि दुसऱ्याचा परिणाम पहिला हजर असेल तरच. आजारात तुकड्यांची निवड मध्यवर्ती आहे हे सांगणारा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. तरी प्रामाणिकपणे सांगायचं तर, छाटणी बदलली की घडीवरही परिणाम होतो, त्यामुळे दुसऱ्या सिद्धांतवाल्यांनाही हा पुरावा आपल्या बाजूने लावता येतो.

२०२२ मध्ये आणखी एक पाऊल पडलं. रुग्णांच्या सांध्यातल्या पाण्यातून आणि सुजलेल्या डोळ्यातून टी पेशी काढल्या, तर वेगवेगळ्या माणसांच्या त्या पेशींचे रिसेप्टर एकाच धाटणीचे निघाले. त्यांच्या एका बाजूला टीआरबीव्ही९ हा भाग होता. हे रिसेप्टर बी२७मध्ये मांडलेल्या माणसाच्या काही पेप्टाइडनाही ओळखत होते आणि जंतूच्या पेप्टाइडनाही. जवळजवळ पन्नास वर्षं ज्याची कल्पना केली जात होती ते प्रथमच हाताला लागलं. टीआरबीव्ही९ असलेल्या टी पेशी काढून टाकणारं औषध रशियात २०२४ मध्ये मंजूरही झालं. अशा पेशी निरोगी बी२७ लोकांच्या रक्तातही तुरळक असतात. त्यामुळे त्या आहेत म्हणजे आजार होणारच असं नाही.

इथे तुमच्या भावाकडे परत येऊ. जुळ्या भावंडांचा एक अभ्यास १९९७ मध्ये इंग्लंडमधून आला. एकाला आजार असलेल्या आठ एकसारख्या जुळ्यांच्या जोड्यांपैकी सहांत दुसऱ्यालाही आजार होता. वेगवेगळ्या बीजांडांतून झालेल्या, पण दोघांकडेही बी२७ असलेल्या जुळ्यांच्या पंधरा जोड्यांत मात्र फक्त चार जोड्यांत दुसऱ्याला होता. तुम्ही दोघे भाऊ या दुसऱ्या गटासारखे आहात. बी२७ सारखा, पण बाकीचा वारसा निम्माच सारखा. बाकीच्या वारशात ईआरएपी१ आहे, इंटरल्यूकिन-२३चा रिसेप्टर आहे, आणि धोक्याला थोडाथोडा हात लावणारे शंभराहून जास्त जीन आहेत. आनुवंशिक धोक्यातला साधारण पाचवा हिस्सा एकटा बी२७ उचलतो, बाकीचे प्रत्येकी चिमूटभर. त्यातले किती तुमच्याकडे आले आणि किती त्याच्याकडे, हे नशिबाचं वाटप आहे. त्यावर आतड्यातले जंतू आले, पूर्वी झालेले संसर्ग आले. एकसारख्या जुळ्यांतही आठपैकी दोन सुटले, म्हणजे सगळेच जीन सारखे असूनही काही उरतंच.

मग असा धोकादायक जीन माणसांत टिकला कसा? बी२७ असलेले लोक एचआयव्हीचा संसर्ग इतरांपेक्षा बराच काळ दाबून ठेवतात. कारण त्यांचा ट्रे विषाणूच्या कवचातला असा तुकडा मांडतो की जो बदलला तर विषाणूच लंगडा होतो. हिपॅटायटिस-सी घालवण्यातही तो मदत करतो. एचआयव्ही नवा आहे, त्यामुळे बी२७ टिकला तो त्याच्यामुळे नव्हे. पण जुन्या एखाद्या विषाणूशी झालेल्या लढाईत असाच फायदा झाला असेल, हा तर्क मला मान्य आहे. आणि आजार बहुधा विशी-तिशीत सुरू होतो, त्यामुळे जुन्या काळात मुलंबाळं होण्यावर त्याचा फार परिणाम झाला नसावा.

या सगळ्याचा उपयोग दवाखान्यात कसा होतो, ते एका रुग्णावरून सांगतो. कवठेमहांकाळ भागातला, द्राक्षबागेत काम करणारा, २७ वर्षांचा तरुण. कंबर दुखायला लागून सहा वर्षं झालेली. मणक्यात गॅप आहे असं सांगून त्याला पट्टा दिलेला, ट्रॅक्शन दिलेलं, शेवटी ऑपरेशनचा सल्ला मिळालेला. एमआरआय झाला होता, पण फक्त कंबरेच्या मणक्यांचा. त्यात एक गादी थोडी बाहेर आलेली दिसली आणि सगळे तिथेच थांबले. त्या वयात दुखणं नसलेल्या कितीतरी माणसांच्या गाद्या तशा दिसतात.

मी त्याला विचारलं, “दुखणं कधी जास्त असतं?” तो म्हणाला, “पहाटे तीन-चारला जाग येते सर, कूस बदलता येत नाही. उठून अंगणात फेऱ्या मारल्या की बरं वाटतं. छाटणीच्या दिवसांत दिवसभर उभा असतो तेव्हा उलट कमी दुखतं.” गादीचं दुखणं याच्या उलटं वागतं, कामाने वाढतं आणि पडून राहिलं की कमी होतं. मग विचारलं, डोळा कधी लाल झाला होता का? तीन वर्षांपूर्वी झाला होता. घरच्यांना वाटलं डोळे आले. पण डोळे येतात तेव्हा सहसा दोन्ही येतात, चिकटतात, खाजतात. याचा एकच डोळा लाल होता, ठणकत होता आणि उजेडाकडे बघवत नव्हतं. ती डोळ्याच्या आतली सूज होती, युव्हायटिस.

त्याला उभं करून कंबरेच्या दोन खळग्यांच्या रेषेवर पेनाने खूण केली, तिथून वर दहा सेंटीमीटरवर दुसरी. गुडघे न वाकवता खाली वाकायला लावलं. निरोगी तरुणात या दोन खुणांतलं अंतर वाढून पंधराच्या आसपास जातं. त्याचं बारावर अडलं. भिंतीला टाचा आणि पाठ टेकवून उभा केला तर डोकं भिंतीला टेकेना, चार बोटं अंतर राहिलं. मग एसआय जॉइंटचा, म्हणजे माकडहाडाच्या वरचं त्रिकास्थी नावाचं हाड कंबरेच्या हाडाला जिथे जुळतं त्या सांध्यांचा साधा एक्स-रे काढला. दोन्ही बाजूंच्या कडा कुरतडलेल्या. बी२७ पॉझिटिव्ह आला खरा, पण तो येण्याआधीच निदान झालं होतं.

याच्या उलट बाजूही बघा. नुसती जुनाट कंबरदुखी घेऊन येणारे हजार लोक धरले तर त्यातल्या साधारण पन्नासांना हा आजार असतो. त्यांतल्या ४५ जणांत बी२७ सापडेल. उरलेल्या ९५० जणांत युरोपातल्या प्रमाणाने शंभरात आठ धरले तर ७६ पॉझिटिव्ह निघतील, त्यांना हा आजार नसूनही. म्हणजे १२१ पॉझिटिव्ह रिपोर्टपैकी खरे रुग्ण ४५. तीनात दोन रिपोर्ट घाबरवणारे, पण निरर्थक. म्हणून मी टेस्ट कंबरदुखीला करत नाही. पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेली, तीन महिन्यांहून जास्त टिकलेली, पहाटे जागं करणारी आणि हालचालीने सुधारणारी कंबरदुखी असेल तर करतो. आणि निगेटिव्ह आली तरी, लक्षणं आणि एमआरआय बोलत असतील तर आजार नाकारत नाही. १९७३ च्या त्या ७५ रुग्णांतही तिघांकडे बी२७ नव्हता.

द्राक्षबागेतल्या त्या तरुणाला आधी दाह कमी करणाऱ्या गोळ्या पुऱ्या डोसमध्ये दिल्या आणि रोजचे व्यायाम लावून दिले. तीन महिन्यांत पुरेसा फरक पडला नाही म्हणून, क्षयाची तपासणी करून, टीएनएफ हे दाहाचं रसायन अडवणारं इंजेक्शन सुरू केलं. ही तपासणी टाळू नका, कारण आपल्याकडे सुप्त क्षय खूप आहे आणि या इंजेक्शनने तो जागा होऊ शकतो. स्टेरॉइडच्या गोळ्या आणि मेथोट्रेक्सेट मणक्यावर काम करत नाहीत. कुणी फक्त त्यावर वर्षानुवर्षं ठेवलं असेल तर विचारा. औषधांनीही सिद्धांतांना एक धडा दिलाय: इंटरल्यूकिन-१७ अडवलं तर मणका सुधारतो. पण त्याच्या वरच्या पायरीवरचं मानलं जाणारं इंटरल्यूकिन-२३ अडवलं तर मणक्याला गुण येत नाही, जरी तेच औषध सोरायसिसला छान चालतं. म्हणजे मणक्यात २३ शिवायही १७ तयार होत असावं. चुकलेल्या घडीपासून २३ आणि तिथून आजार, ही साखळी वाटली तितकी सरळ नाही.

तुमच्या भावाला चाळिशीपर्यंत काही झालं नाही, तर मणक्याचा आजार आता नव्याने सुरू होण्याची शक्यता फार थोडी. बहुतेकांना तो पंचेचाळिशीच्या आतच सुरू होतो. त्याला औषध नको, दरवर्षी एक्स-रे नको. एकच गोष्ट सांगा: बी२७ असलेल्यांना मणक्याचा आजार नसतानाही युव्हायटिस होऊ शकतो. कधी एक डोळा लाल होऊन ठणकला आणि उजेड सोसवेनासा झाला, तर मेडिकलमधून थेंब आणून घालू नयेत. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं, स्लिट लॅम्पवर तपासायला सांगावं आणि बी२७ पॉझिटिव्ह आहे हे आपणहून सांगावं.